फॉरवर्ड फुकट, ऑप्शन महाग?

'फॉरवर्डला पैसे लागत नाहीत, मग ऑप्शनचा प्रीमियम का भरायचा?' बेळगावच्या उद्यमबागेतल्या निर्यातदारांच्या बोलण्यात हा प्रश्न हमखास येतो. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेला आज ठरलेल्या भावाने डॉलर विकण्याचा बँकेशी केलेला बंधनकारक करार. प्रश्नाचं उत्तर डॉलर वर जाईल की खाली यावर नसून ऑर्डर किती पक्की आहे यावर आहे.

बेळगावची एक मध्यम फाउंड्री घ्या. अमेरिकेतल्या ग्राहकाकडून तीन महिन्यांनी दोन लाख डॉलर यायचे आहेत. आजचा भाव 84 रुपये आणि तीन महिन्यांचा फॉरवर्ड 84.40 धरू. वरचे 40 पैसे म्हणजे बँकेचं भाकीत नव्हे. रुपयावरचं व्याज डॉलरपेक्षा जास्त असतं, तो फरक त्यात उतरतो.

फॉरवर्ड केला की 84.40 पक्के. डॉलर 82 झाला तरी तेवढेच, 87 झाला तरी तेवढेच.

84.40 चा पुट ऑप्शन म्हणजे त्या भावाने डॉलर विकण्याचा हक्क, बंधन नाही. त्याची किंमत, म्हणजेच प्रीमियम, मला फार आवडणाऱ्या एका ठोकताळ्याने काढता येते. डॉलरचा भाव वर्षाला साधारण 4 टक्के हलतो असं समजा. तीन महिने म्हणजे पाव वर्ष, आणि हेलकावा काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून तो निम्मा, 2 टक्के. त्याचे दोन-पंचमांश, 0.8 टक्के, म्हणजे सुमारे 68 पैसे. बँकेचं मार्जिन धरून 70. दोन लाख डॉलरवर 1 लाख 40 हजार रुपये, तेही आधीच भरायचे.

आता डॉलर 82 ला आला तर हातात 83.70 पडतात, फॉरवर्डपेक्षा कमी. 87 ला गेला तर ऑप्शन सोडून द्यायचा, बाजारात विकायचं, 86.30 मिळतात. भाव 85.10 च्या वर गेला तरच ऑप्शन सरस. एवढंच पाहिलं तर फॉरवर्डवाल्यांचं म्हणणं पटतं.

पण ग्राहकाने ऑर्डर रद्द केली आणि डॉलर 87 झाला तर? ऑर्डरबरोबर फॉरवर्ड आपोआप रद्द होत नाही. डॉलर 87 ने घेऊन बँकेला 84.40 ने द्यायचे, म्हणजे 5 लाख 20 हजारांचा फटका, आणि समोर माल विकल्याचा एक पैसाही नाही. ऑप्शनवाल्याचं नुकसान प्रीमियमपुरतंच, 1 लाख 40 हजार. भाव पडला असेल तर उलट फायदाही.

'झिरो कॉस्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनांपासून मात्र दूर राहा. त्यात तुम्हीही बँकेला ऑप्शन विकलेला असतो. 2007-08 मध्ये अशाच गुंतागुंतीच्या करारांनी देशातले अनेक निर्यातदार अडचणीत आले आणि प्रकरणं कोर्टात गेली.

माझं मत स्पष्ट आहे. माल जहाजावर चढला, बिल झालं, तर फॉरवर्ड. कोटेशन दिलंय पण ऑर्डर यायची आहे, किंवा ग्राहक तारखा पुढे ढकलणारा आहे, तर त्या रकमेपुरता ऑप्शन घ्या आणि त्याचा प्रीमियम कोटेशनच्या दरातच धरा.