धरणाला खालून उचलणारं पाणी

पावसाळ्यात धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, म्हणजे गॅलरीत, पाणी वाहतानाचे व्हिडिओ 'धरण फुटणार' अशा मथळ्यासह मोबाईलवर फिरू लागतात. बहुतेक वेळा ते पाणी अभियंत्यांनीच मुद्दाम बाहेर काढलेलं असतं.

गुरुत्वीय धरण निव्वळ वजनाच्या जोरावर उभं असतं. समजा, ३० मीटर उंच आणि पायाशी २४ मीटर रुंद असं त्रिकोणी छेदाचं काँक्रीटचं धरण आहे, पाण्याकडची बाजू उभी. दर मीटर लांबीमागे त्याचं वजन सुमारे ८६४ टन. काठोकाठ भरलेल्या पाण्याचा आडवा रेटा ४५० टन. पायाच्या खडकाशी घर्षणांक ०.७ धरला, तर रोखणारं बल ६०५ टन. म्हणजे धरण सरकणार नाही.

पण पाणी पायाखालच्या फटींतही शिरतं. पाण्याकडच्या कडेला पूर्ण दाब, पुढच्या कडेला शून्य, असं धरलं तर वर उचलणारं बल ३६० टन भरतं. उरलेलं वजन ५०४ टन, घर्षण फक्त ३५३. निव्वळ घर्षणावर विसंबलं तर धरण सरकलं!

उलटण्याचं काय? धरण एखाद्या खांबासारखं सरळ पालथं पडत नाही. उचल वाढली की एकत्रित बलाची रेषा पायाच्या मधल्या एक तृतीयांश भागाबाहेर जाते. आपल्या धरणात ती पुढच्या कडेपासून ७ मीटरवर येते, हवी होती किमान ८ वर. मग पाण्याकडच्या कडेला ताण येतो, भेग पडते, भेगेत पाणी शिरतं आणि उचल आणखी वाढते. फ्रान्समधल्या बूझे धरणाचा काही भाग १८८४ मध्ये फूटभर पुढे सरकला. दुरुस्ती झाली, पण १८९५ मध्ये वरचा भाग तुटून ८०हून अधिक माणसं गेली. आराखड्यात उचल धरलेलीच नव्हती. धरण नरबळी मागतं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

खालच्या बाजूला साठलेलं टेलवॉटर धरणाला मागे रेटतं, म्हणून ते उपकारक वाटतं. ते ६ मीटर असेल तर मागे रेटा १८ टन आणि उतारावर साचलेल्या पाण्याचं वजन १४ टन मिळतं. पण उचल ७२ टनांनी वाढते. घर्षणाचा हिशेब लावला की तोटाच. तळाशी १० मीटर गाळ साचला तरी त्याचा जादा रेटा साधारण १८ टनच.

खरा उपाय निचऱ्याचा. गॅलरीतून खडकात खोल छिद्रं पाडली की तिथला दाब एक तृतीयांशावर येतो आणि आपल्या धरणाखालची उचल ३६० वरून १६५ टनांच्या आसपास उतरते. घर्षण ४८९ टन होतं. हे काठावरचं आहे. पुरेशी सुरक्षितता खडक-काँक्रीटच्या चिकटपणातून मिळते.

ही छिद्रं काँक्रीटमधून विरघळलेल्या चुन्याच्या थरानं बुजतात. त्यामुळे जलाशयाची पातळी तीच असताना गॅलरीतलं पाणी अचानक घटलं, की पायातल्या दाबमापकांची नोंद तपासावी लागते.