ओटची लापशी

ओट (ॲव्हेना सटायव्हा) या तृणधान्याचा दलिया, पीठ किंवा पोहे पाण्यात वा दुधात शिजवून केलेला गोड अथवा तिखटमिठाचा पदार्थ. ओट दळण्याची प्रथा फार जुनी असावी. इटलीतील पाग्लिच्ची गुहेतील एका दगडावर ओटच्या स्टार्चचे कण आढळले असून तो सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीचा मानतात. मात्र ते धान्य रानटी होते. पिकाच्या उगमाविषयी मतभेद आहेत; गहू-सातूच्या शेतातील तण म्हणून वाढता वाढता ओट स्वतंत्र पीक झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लापशीच्या चिकटपणाला दोन कारणे असतात आणि ती बहुधा एकच समजली जातात. पहिले, बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू. तो पाण्यात उतरला की लापशी बुळबुळीत होते आणि चमचा उचलताना तार सुटते. दुसरे, स्टार्च. पोहे फुटले की तो बाहेर पडतो व लापशीचा खळीसारखा लगदा होतो. थोडा चिकटपणा हवाच, कारण लापशीचा मऊपणा त्यातूनच येतो. बिघडते ते सतत ढवळल्याने व जास्त शिजवल्याने. पातळ लाटलेले झटपट पोहे लवकर विरघळतात, तर कापलेल्या दाण्यांचा दलिया आकार टिकवतो.

मापाने १ भाग पोह्यांना २ भाग द्रव पुरतो. दलियाला ३ ते ४ भाग द्रव आणि २० ते ३० मिनिटे लागतात. एका माणसासाठी ४० ग्रॅम जाड पोहे कोरडेच मंद आचेवर ३-४ मिनिटे, खमंग वास येईपर्यंत भाजावेत. १६० मिलि. पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात पोहे सोडून आच कमी करावी व ५ मिनिटांत दोन-तीनदाच ढवळावे. मग ६० मिलि. गरम दूध घालून आच बंद करावी आणि २ मिनिटे झाकून ठेवावे. नुसत्या दुधात लापशी जड होते व तळाला लागते. थंड पाण्यापासून सुरुवात केल्यास ती अधिक मऊ, पण अधिक चिकट होते. मीठ आधी घातल्यास दाणे शिजत नाहीत असे काही जण म्हणतात; एवढ्या मिठाने फारसा फरक पडत नसावा. साखर शेवटी घालावी. ती विरघळताना लापशी थोडी सैल होते.

तिखटमिठाच्या प्रकारात पोहे चमचाभर तेलात परततात. तेलाचा थर बसल्याने ते एकमेकांना कमी चिकटतात. दुधाऐवजी पाणी वा भाज्यांचे सार वापरतात आणि द्रव थोडा कमी ठेवतात.

निवताना लापशी घट्ट होते, म्हणून आचेवरून उतरवताना ती हवी त्याहून पातळ असावी. घट्ट झालेली लापशी गरम पाणी घालून हलक्या हाताने सैल करता येते. सुटलेली तार मात्र परत जात नाही.