शाळेचा पहिला दिवस: आईचं एका मिनिटाचं मनोगत कसं तयार होतं

राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा भरतात. आपल्या विदर्भात उन्हामुळे हा दिवस जूनच्या अखेरीकडे जातो. त्या आठवड्यात आमच्या स्टुडिओत आईच्या आवाजातल्या छोट्या क्लिपची मागणी येते. बाळ दप्तर घेऊन गेटातून आत जाताना दिसतं आणि त्यावर आईचं बोलणं ऐकू येतं. चित्रीकरण मोबाईलवर केलं तरी चालतं. क्लिप बिघडते ती बहुतेक वेळा बोलण्यात, म्हणून हे पत्रक त्याबद्दल आहे.

मजकूर किती असावा

६० सेकंदांच्या क्लिपला सुमारे ७५ शब्द पुरतात. ग्राहक दीडशे शब्द लिहून आणतात, कारण मनात वाचताना ते मिनिटात संपतात. तोंडानं, भरल्या गळ्यानं बोलताना वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास येतो. म्हणजे ७५ शब्दांना ४५ सेकंद लागतात. उरलेले १५ सेकंद थांबण्यासाठी लागतात आणि ते शब्दांइतकेच कामाचे असतात. दीडशे शब्द त्याच वेळात कोंबले, तर बातम्या वाचल्यासारखं होतं आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटायला जागाच राहत नाही.

बहुतेक मजकुरांची सुरुवात अशी असते: ‘आज माझ्या काळजाचा तुकडा पहिल्यांदा माझ्यापासून दूर गेला. डोळे पाणावले, पण मन अभिमानानं भरून आलं.’ यात चुकीचं काही नाही. पण हे कोणत्याही आईला कोणत्याही बाळाबद्दल म्हणता येतं, आणि भावनेचं नाव आधीच घेतल्यामुळे ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. त्यापेक्षा त्या सकाळची एक वस्तू धरा: डबा, पाण्याची बाटली, शर्टाला पिनेनं लावलेला रुमाल, नाहीतर उलटसुलट घातलेले बूट. एकच. दुसरं म्हणजे, बोलणं कुणाशी आहे ते ठरवा. बाळाशी बोलत असाल तर शेवटपर्यंत बाळाशीच बोला. मध्येच ‘मित्रांनो, प्रत्येक आईला कळेल’ आलं की तार तुटते.

एका टिफिनवर बेतलेला हा नमुना बघा. तिरक्या रेघा थांबण्याच्या जागा आहेत.

‘बेटा, टिफिनचं झाकण उघडता येईल ना तुला? रात्री दोनदा उघडून दाखवलं तू. तरी सकाळी मी जरा सैलच लावलं. / गेटपाशी हात तू सोडला, मी नाही. रडशील म्हणून दोन रुमाल घेतले होते पर्समध्ये. तू तर मागं वळूनही… / जाऊ दे. घरी आली तर तुझा पंखा सुरूच होता. बंद करायला हात गेला, अन् तशीच उभी राहिली. / आता दहा वाजून राहिले. बारा वाजता सुटते तुझी शाळा. मी साडेअकरालाच येऊन उभी राहते. झाकण नाही उघडलं तर मॅडमला सांगशील ना रे?’

पहिला थांबा २ सेकंदांचा, दुसरा ३, तिसरा ४. दर वेळी थोडा वाढतो. ‘वळूनही’ नंतरचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलं आहे. ‘वळूनही बघितलं नाहीस’ असं पूर्ण केलं तर ती तक्रार होते; अर्धवट राहिलं तर आवाज तिथं आपोआप अडकतो. मजकुरात ‘रडत’, ‘हुंदका देत’ अशा सूचना लिहू नका. त्या वाचून माणूस रडण्याचा अभिनय करतो आणि तो पहिल्या शब्दाला उघडा पडतो. नमुन्यात ‘रडशील’ हा शब्दसुद्धा फक्त बाळाच्या बाबतीत आलेला आहे, हेही बघा.

घरात ‘वाजून राहिले’ म्हणत असाल तर क्लिपमध्येही तसंच म्हणा. पुस्तकी मराठी बोलायला गेलं की जीभ सांभाळण्यात लक्ष जातं.

रेकॉर्डिंग कधी आणि कुठं

पहिल्या दिवशी फक्त टिपणं काढा: बाळ काय म्हणालं, गेटपाशी काय झालं, घरी आल्यावर काय दिसलं. रेकॉर्डिंग दोनतीन दिवसांनी करा. त्याच दिवशी खरंखुरं रडू येतं, नाक बंद होतं आणि ‘म’, ‘न’ हे ‘ब’, ‘द’ सारखे ऐकू येतात. तो आवाज नंतर दुरुस्त करता येत नाही. मध्येच रडू आलं तर थांबा, पाणी प्या, नाक मोकळं करा आणि दहा मिनिटांनी त्याच परिच्छेदाच्या सुरुवातीपासून बोला. अर्ध्या वाक्यापासून जोडलेला आवाज वेगळा कळतो.

जूनअखेर आपल्याकडे बऱ्याच घरांत कूलर सुरू असतो. नागपुरातल्या रेकॉर्डिंगचा हाच मोठा शत्रू. पंख्याची घरघर आणि पंपानं वर चढणारं पाणी मिळून आवाजाखाली सलग पट्टा तयार होतो. तो मशीननं काढता येतो, पण सोबत श्वास आणि वाक्याच्या शेवटचे हळू शब्दही जातात, आणि या मनोगतात जीव तिथंच असतो. उरलेला आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून कूलर आणि पंखा बंद करून सकाळी लवकर, रस्ता जागा व्हायच्या आत बोला. झोपायची खोली बरी. गादी, पडदे आणि उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट घुमणं शोषून घेतात. वरच्या मजल्यावर टिनपत्रे असतील तर पावसाच्या दिवशी प्रयत्नच करू नका.

मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ ला फट्ट असा आवाज येतो. बोलणं संपल्यावर गप्प राहून ३० सेकंद खोलीचा रिकामा आवाज रेकॉर्ड करा. थांब्यांच्या जागी आम्ही तोच भरतो. तिथं पूर्ण शांतता टाकली तर ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखं वाटतं. वाचून बोलायचं असेल तर कागद मोठ्या अक्षरात लिहा आणि वाक्याच्या मध्ये पान उलटावं लागणार नाही असं बघा.

आमच्याकडे आल्यावर

मोबाईलची मूळ ऑडिओ फाईल द्या. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवली तर ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते. आम्ही श्वास कापत नाही, फक्त फार मोठे असतील तेवढे खाली आणतो. पार्श्वसंगीत पहिल्या वाक्यानंतर सुरू होतं, तिसऱ्या थांब्यात पूर्ण बंद असतं आणि ‘आता दहा वाजून राहिले’ ला पुन्हा हळूच येतं. सिनेमातलं गाणं हवं असेल तर आधी सांगा. हक्कांच्या कारणावरून अशा क्लिपचा आवाज बंद केला जाऊ शकतो.

बरेच जण क्लिप आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं सगळं अक्षरांतही येतं. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि पडद्याच्या खालच्या पाचव्या भागाच्या वर, कारण खाली ॲपची बटणं अक्षरं झाकतात. ‘वळूनही…’ नंतरचे तीन सेकंद पडदाही कोरा राहतो.

चित्रीकरण देताना बाळाचं ओळखपत्र, दप्तरावरचं नाव, शाळेची पाटी आणि व्हॅनचा नंबर दिसत असेल तर कळवा, आम्ही ते धूसर करून देतो. इतर मुलांचे चेहरे असतील तर त्यांच्या पालकांना विचारा. नाहीतर तो भाग वगळून पाठमोरा शॉट घेऊ. दप्तर पाठीवर, पावलं गेटाकडे, एवढंच दिसलं तरी या मजकुराला पुरतं.