जांभ्याच्या भिंतीतली ओल : महाबळेश्वरच्या बंगल्यांमागची पार्श्वभूमी

महाबळेश्वरात मे महिन्याच्या शेवटी जुन्या घरांभोवती गवताच्या झडी चढायच्या. केंबळाच्या गवताच्या पेंढ्या बांबूच्या चौकटीवर बांधून पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची भिंत जोत्यापासून वळचणीपर्यंत झाकून टाकायची, आणि पाऊस ओसरला की झडी उतरवायच्या. आता बहुतेक ठिकाणी निळे नाही तर काळे प्लास्टिक दिसते, काही ठिकाणी काहीच दिसत नाही. जांभ्याची भिंत पावसाळ्यात का झिजते याचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात या झडीपासून करावी असे मला वाटते. भिंत भिजू द्यायची नाही, आणि तरीही तिला वारा लागला पाहिजे, हे ती बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

जांभ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८०७ साली. मलबारमधल्या प्रवासात फ्रान्सिस ब्यूकॅनन याने पाहिले की तिथले लोक जमिनीतून हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापून काढतात आणि उघड्यावर ठेवला की तो विटेसारखा टणक होतो. लॅटिन भाषेत विटेला ‘लॅटर’ म्हणतात, त्यावरून त्याने ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. त्याच्या त्या एका निरीक्षणात या दगडाचा गुण आणि दोष दोन्ही आले आहेत. खाणीत ओला असताना मऊ, वाळला की कठीण. मग बांधून झाल्यावर वर्षातले चार-पाच महिने तो पुन्हा ओला राहिला तर?

सह्याद्रीच्या या माथ्यावर जांभा हा काळ्या पाषाणाचाच पुढचा अवतार आहे. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत बेसाल्टमधली सिलिका आणि कॅल्शियमसारखे विरघळणारे घटक वाहून गेले. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे राहिली. महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार या सगळ्यांच्या डोक्यावर हीच लाल टोपी आहे. दगड फोडून पाहिला की आत वाकड्यातिकड्या नळ्या दिसतात. नळ्यांच्या भिंती लोहाच्या आणि पोकळीत पांढरट-पिवळी चिकण माती. वरच्या थरात लोह जास्त आणि माती कमी. जितके खाली जावे तितकी माती वाढत जाते आणि शेवटी निव्वळ मऊ मातीच लागते. म्हणून एकाच खाणीतला वरचा चिरा शंभर वर्षे टिकतो आणि चार हात खालचा वीस वर्षांत खंगतो.

१८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे आरोग्यस्थान वसवायला घेतले, आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी गावांची अदलाबदल करून ही जागा कंपनी सरकारने घेतली. जुन्या क्षेत्र महाबळेश्वरातली देवळे काळ्या दगडाची होती. नव्या वस्तीला मात्र लवकर आणि स्वस्त घरे हवी होती, आणि जांभा तर पायाखालीच होता. बंगले उन्हाळ्यात वापरायचे होते, पावसाळ्यात बंगल्यांतली माणसे खाली उतरायची. त्यामुळे भिंत चार महिने भिजली तरी आत राहणारे कोणी नव्हते, आणि दारे-खिडक्या बंद असलेल्या घरात ओल कुठवर चढते हे पाहायलाही कोणी नव्हते. रुंद व्हरांडे, बाहेर आलेली वळचण, उंच जोते, चुन्यात किंवा मातीत बांधलेली जाड भिंत आणि वर झड: ही सारी मिळून एक व्यवस्था होती. तिच्यातला एकेक भाग गेल्या साठ-सत्तर वर्षांत गळत गेला. व्हरांडे बंद करून खोल्या झाल्या, दरजांतला चुना खरवडून सिमेंट भरले, भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत रंग चढला. हे सगळे भिंत वाचवण्याच्या इच्छेने झाले, म्हणून त्याचे अधिक वाईट वाटते.

नेमके काय घडते ते एका भिंतीवर पाहू. पश्चिमेकडे तोंड असलेली ४५ सेंटिमीटर जाडीची जांभ्याची भिंत घ्या. एका चौरस मीटरमागे तिचे वजन साधारण ८५० किलो भरेल. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ३६२० नुसार, बांधकामाच्या जांभ्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. आपण १० टक्के धरू. म्हणजे एका चौरस मीटर भिंतीत ८५ लिटर पाणी मावते.

हे पाणी आत किती वेगाने जाते? दगड पाणी ओढतो तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पहिल्या मिनिटाला दर चौरस मीटर एक लिटर ओढले असेल तर चार मिनिटांत दोन, नऊ मिनिटांत तीन. हा एक लिटरचा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, प्रत्येक खाणीचा वेगळा निघेल. त्या हिशेबाने ८५ लिटर भरायला ८५ गुणिले ८५, म्हणजे सुमारे ७,२०० मिनिटे लागतात. पाच दिवस. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि जुलैत सूर्य दिसत नाही, तिथे सलग पाच दिवसांची संततधार ही काही मोठी गोष्ट नाही.

आता वाळण्याचा हिशेब. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओलीचिंब असते, भिंतीतून जवळजवळ काही जात नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सुरुवातीला पृष्ठभाग ओला असतो तोवर पाणी भराभर उडते. पण ओलीची रेषा आत सरकली की पाण्याला वाफ होऊन नळ्यांतून वाट काढावी लागते आणि वेग एकदम उतरतो. सरासरी दिवसाला अर्धा लिटर धरला तरी ८५ लिटरला १७० दिवस लागतील. पाच दिवसांत भरलेली भिंत रिकामी व्हायला मार्च उजाडतो. वरून सिमेंटचा गिलावा असेल तर मार्चही पुरत नाही, आणि जूनमध्ये भिंत अर्धी ओली असतानाच पुढचा पाऊस सुरू होतो. या एका विषमतेत जांभ्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे.

ओल टिकून राहिली की तीन गोष्टी घडतात. पहिली, नळ्यांतली माती फुगते, सैल होते आणि पाण्याबरोबर निघून जाते. दगडाची जाळी तेवढी उरते. पागोळ्यांचे पाणी जिथे उसळते त्या जोत्यावरच्या पट्ट्यात ही झीज सर्वांत आधी दिसते. दुसरी, साचलेल्या ओलीत शेवाळ आणि कुजका पाला असेल तर हवेअभावी जीवाणू लोहाचे रूप पालटतात. एरवी न विरघळणारे लोह पाण्यात उतरते. दरजेतून नारिंगी बुळबुळीत ओघळ दिसला की समजावे, दगडाला बांधून ठेवणारा पदार्थच बाहेर येतो आहे. काही वेळा हे लोह पृष्ठभागाशी येऊन पुन्हा घट्ट होते. मग बाहेर टणक कवच आणि आत भुसभुशीत दगड अशी स्थिती होते. भिंत नजरेला उत्तम वाटते, पण लाकडी हातोडीने ठोकली की पोकळ वाजते.

तिसरी गोष्ट लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या क्षारांची. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात शिरतात आणि पाणी उडाले की स्फटिक होऊन फुगतात. स्फटिक पाण्यात भिजलेल्या भिंतीत बनत नाहीत, वाळणाऱ्या भिंतीत बनतात. म्हणजे लोण्याने होणारे नुकसान पावसात होत नाही, ते दिवाळीच्या सुमारास होते. मी ज्या घरांत वर्षानुवर्षे जातो तिथले लोक सांगतात की जमिनीवर लाल भुकटी पडते ती थंडी सुरू होताना. त्यांना ते कोडे वाटते, कारण पाऊस तर कधीच संपलेला असतो.

म्हणून अभ्यासात पाऊस मोजून भागणार नाही. पर्जन्यमापक जमिनीवर पडणारे पाणी मोजतो. भिंतीवर किती आदळले ते वाऱ्यावर ठरते. भिंतीच्याच पातळीत उभी बसवलेली, कडा असलेली पाटी आणि खाली बाटली एवढे साधन पुरते. एक पश्चिमेला, एक पूर्वेला. दोन्हींतला फरक पाहिला की कोणत्या भिंतीला झड हवी हे आपोआप कळेल.

खरे मोजमाप मात्र भिंतीच्या आतल्या ओलीचे हवे, आणि तेही खोलीनुसार. बाजारातले दोन सुयांचे ओल-मापक इथे फसवते, कारण ते विजेचा रोध मोजते आणि क्षार असले की थोड्या ओलीलाही खूप दाखवते. भिंतीत पुरलेले आर्द्रतेचे सेन्सर पावसाळाभर शंभरावर चिकटून बसतात आणि ओल किती कमी-जास्त झाली ते सांगत नाहीत. जुनी पद्धतच भरवशाची: कमी वेगाच्या ड्रिलने २, ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीवरची भुकटी काढायची, लगेच झाकणाच्या कुपीत बंद करायची, वजन करायचे, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि पुन्हा वजन करायचे. ड्रिल तापले तर भुकटी तिथेच वाळते आणि आकडा खोटा येतो, म्हणून थांबत थांबत काम करावे लागते. जांभा बोटभर अंतरावर बदलतो, त्यामुळे एका उंचीवर एकच भोक निरुपयोगी. निदान तीन हवीत. उरलेल्या भुकटीतून क्षारही तपासता येतात, वेगळे भोक पाडायला नको.

दगडाची ताकदही दोनदा मोजायला हवी, वाळलेली आणि भिजलेली. मानकातली किमान ताकद चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन आहे, पण ओल्या चिऱ्याची ताकद बरीच उतरते आणि भिंत वर्षातला बराच काळ ओल्या चिऱ्याचीच असते. दोन आकड्यांचे गुणोत्तर हे मला त्या खाणीच्या दगडाचे सर्वांत प्रामाणिक ओळखपत्र वाटते. इथे एक अडचण आहे. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाल्याने नवा दगड काढण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. दुरुस्तीला चिरा खालून कोकणातून आणला तर त्याची छिद्रे वेगळी, पाणी ओढण्याचा वेग वेगळा. जुन्या आणि नव्या चिऱ्याच्या सांध्यावर ओल अडते ती यामुळे. पडझडीतून निघालेले जुने चिरे जपून ठेवले तर चाचणीसाठीही तेच उपयोगी पडतील.

तुलनेसाठी दूर जायला नको. महाबळेश्वरापासून सुमारे वीस किलोमीटर पूर्वेला पाचगणी आहे. दगड त्याच जातीचा, बंगले जवळपास त्याच काळातले, पण पाऊस कितीतरी कमी आणि वाळायला मिळणारे दिवस अधिक. दोन्हीकडच्या पश्चिम भिंती, त्यांतल्या काही चुन्याच्या आणि काही सिमेंटच्या गिलाव्याच्या, एवढी चौकट घेतली तर पाऊस, गिलावा आणि दगड यांतले कोण किती दोषी ते वेगळे काढता येईल. त्यात महाबळेश्वरातली एक भिंत गवताच्या झडीखाली आणि एक प्लास्टिकखाली हवी. प्लास्टिक पाणी अडवते पण वारा कोंडते. गवत थोडे पाणी आत सोडते पण भिंतीला श्वास घेऊ देते. या दोहोंत मार्चमध्ये कोणती भिंत कोरडी असते हे कोणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि मला स्वतःला हा आकडा सर्वांत आधी हवा आहे.

झीज मोजायला भिंतीच्या पायथ्याशी एक मीटर लांबीचा पत्र्याचा कुंड ठेवावा आणि त्यात पडलेली भुकटी दर महिन्याला वाळवून तोलावी. सोबत ठरलेल्या बिंदूंवरून दरवर्षी एकाच उजेडात फोटो घ्यावेत. पण एका वर्षाच्या भुकटीवर निष्कर्ष काढू नये. पावसाळे सारखे नसतात, आणि कवच सुटायचे असेल तर ते तीन वर्षे थांबून एकाच आठवड्यात सुटते.

पहिली मोजणी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, झडी बांधण्याआधी व्हायला हवी. त्या दिवशी २० सेंटिमीटर आत जी ओल सापडेल ती गेल्या वर्षीच्या पावसाची उरलेली ओल असेल.