तक्ता नको, अर्धी जीवा पुरे

साइनचे तक्ते पाठ करण्याची एक युक्ती सगळीकडे फिरत असते. ०, १, २, ३, ४ लिहायचे, प्रत्येकाचं वर्गमूळ घ्यायचं आणि २ ने भागायचं, की ०°, ३०°, ४५°, ६०° आणि ९०° यांच्या साइन किमती तयार. उत्तरं बरोबर येतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हिला ‘गणिताचं गुपित’ म्हणून विकणाऱ्यांबद्दल. पुढचा आकडा ५ घेतला तर √५/२ म्हणजे १.११८ येतं, आणि साइन तर १ च्या वर कधी जातच नाही. ३०° नंतर एकदम ४५° का, हेही ती सांगत नाही. परीक्षेत क्रम विसरला की मग सगळंच गेलं.

त्यापेक्षा १ त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्रातून उजवीकडे आडवा अक्ष, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने कोन मोजायचा. कोनाची रेषा वर्तुळाला जिथे मिळते, तो बिंदू केंद्रापासून आडवा किती लांब आहे ते कोसाइन आणि उभा किती ते साइन.

आता ३०° वर एक बिंदू घ्या आणि अक्षाखाली त्याचं प्रतिबिंब, म्हणजे उणे ३०° वर दुसरा. दोन्ही बिंदू केंद्राला जोडा. मधला कोन ६०° झाला. दोन्ही बाजू त्रिज्याच, म्हणजे १. त्यामुळे उरलेले दोन कोन सारखे आणि तेही ६०° चेच. त्रिकोण समभुज निघाला! तेव्हा दोन बिंदूंना जोडणारी उभी जीवासुद्धा १. आडवा अक्ष तिला बरोबर मधोमध कापतो, म्हणून वरचा अर्धा भाग १/२. साइन ३०° हाच. पाठांतर कुठे आलं यात?

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हीच अर्धी जीवा धरून आकडे दिले. त्याने त्रिज्या ३४३८ घेतली आणि ३°४५′ च्या टप्प्यांनी अर्ध्या जीवांमधले फरक सांगितले. पहिल्या आठ फरकांची बेरीज करा, म्हणजे ३०° ला पोहोचाल: १७१९, त्रिज्येच्या नेमकी निम्मी.

कोसाइन पायथागोरसकडून मिळतं. कर्ण १, उभी बाजू १/२, तर आडव्या बाजूचा वर्ग १ − १/४ = ३/४; म्हणून √३/२, सुमारे ०.८६६. ६०° साठी वेगळं काही करायचं नाही. ४५° ची तिरकी रेषा आरसा समजा. ३०° चा बिंदू तिच्यात ६०° वर दिसतो आणि आडवं-उभं अंतर अदलाबदल होतं. त्या रेषेवर मात्र दोन्ही अंतरं समान, दोघांच्या वर्गांची बेरीज १, म्हणजे प्रत्येकाचा वर्ग १/२ आणि किंमत √२/२, सुमारे ०.७०७.

पुढच्या कोनांत मुलं हमखास चुकतात. २४०° घ्या. कोणी २७० मधून २४० वजा करतो, ३०° मिळवतो आणि साइन उणे १/२ लिहून मोकळा होतो. पण अंतर नेहमी आडव्या अक्षापासून मोजायचं: २४० − १८० = ६०°. बिंदू डावीकडे आणि खाली, म्हणून दोन्ही किमती ऋण. साइन −√३/२, कोसाइन −१/२. खात्री करायला कच्ची आकृती पुरते. २४०° चा बिंदू उभ्या अक्षाच्या जवळ आहे, म्हणजे तो खाली जास्त गेलाय आणि डावीकडे कमी. मग मोठी किंमत साइनचीच असणार. दोन्हींच्या वर्गांची बेरीज १ आली, एवढ्यावर विसंबू नका. अदलाबदल झाली तरी ती १ च येते.

ही पद्धत कुठवर पुरते? १५° हा ४५° आणि ३०° यांतला फरक, म्हणून वजाबाकीच्या सूत्राने तोही सापडतो: साइन १५° = (√६ − √२)/४. २०° मात्र हट्टी. ६०° चे पट्टी-कंपासने तीन समान भाग करता येत नाहीत, हे पिएर वांत्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे कितीही वर्गमुळं एकमेकांत गुंफली तरी त्याची किंमत नेमकी लिहिता येत नाही. तिथे कॅल्क्युलेटरच हवा. पण आधी त्यात साइन ३० दाबून बघा. ०.५ ऐवजी −०.९८८ दिसलं, तर तो अंशांत नाही, रेडियनमध्ये आहे.