आठ सेकंदांची श्रेणी

भाची नववीत आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळच्या तिच्या शाळेत दोन किलोमीटर धावण्याची चाचणी झाली आणि घरी येताच तिने वही माझ्यापुढे टाकली. "मामा, आठ सेकंदांनी माझी श्रेणी गेली." वेळ होती ११ मिनिटे ३८ सेकंद. तिच्या वयाच्या मुलींसाठी शाळेने केलेल्या तक्त्यात साडेदहा मिनिटांच्या आत 'उत्तम', साडेअकरापर्यंत 'चांगली', पावणेतेरापर्यंत 'साधारण' आणि त्यापुढे 'सराव हवा' असे होते. तिच्या नावापुढे 'साधारण' लागले होते. रडवेल्या पोरीची समजूत काढण्यापेक्षा मी तिला म्हटले, चल, आपण आकडे तपासू.

पहिली पायरी पेसची, म्हणजे एक किलोमीटरला लागलेल्या वेळेची. अंतर दोन किलोमीटर असल्यामुळे वेळेचे निम्मे करायचे, एवढेच काम. पण मुले नेमकी इथेच फसतात, कारण ११ मिनिटे ३८ सेकंद हे ते ११.३८ असे लिहितात आणि कॅल्क्युलेटरवर दोनने भागतात. उत्तर येते ५.६९. त्याला ५ मिनिटे ६९ सेकंद म्हणावे तर तशी वेळ घड्याळात नसते, आणि ६ मिनिटे ९ सेकंद म्हणावे तर ते वीस सेकंदांनी चुकते. मिनिटाचे भाग साठ असतात, शंभर नव्हे. म्हणून आधी सगळ्याचे सेकंद करायचे. ११ मिनिटांचे ६६० आणि वरचे ३८, मिळून ६९८. त्याचे निम्मे ३४९ सेकंद, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४९ सेकंद. ही चूक सहज निसटते, कारण मिनिटांचा आकडा सम असला की ती दिसतच नाही. १०.३० चे निम्मे ५.१५ येते आणि तेच उत्तर बरोबरही असते. मग पुढच्या ओळीत ११.३८ आले की तीच रीत दगा देते.

या पेसचा अंदाज यावा म्हणून तिला आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण दिले. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावल्या. हा पेस किलोमीटरला साधारण ३ मिनिटे ७ सेकंदांचा होतो, तोही अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत.

आता मैदानाकडे. शाळेचा ट्रॅक दोनशे मीटरचा, त्यामुळे दोन किलोमीटरला दहा फेऱ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेप घेऊन आम्ही दोघे तिथे गेलो. फक्कीची रेघ अजून स्पष्ट होती आणि टेपने मोजली तर बरोबर दोनशे मीटर भरली. पण दोन्ही वळणांवर आतल्या बाजूला पावसाचा चिखल साचला होता आणि मुलींच्या बुटांचे ठसे त्याच्या बाहेरून गेले होते. वाळत आलेल्या मातीत ती पायवाट नीट दिसत होती. रेघेपासून तिचे अंतर मोजले तर सरासरी एक मीटर भरले.

एक मीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. सरळ बाजूंवर ते खरेही आहे, कारण तिथे रेघेपासून लांब धावले तरी अंतर वाढत नाही. वळणांवर मात्र वाढते. दोन्ही अर्धवर्तुळे जोडली की एक पूर्ण वर्तुळ होते, आणि वर्तुळाची त्रिज्या एक मीटरने वाढली की परीघ ६.२८ मीटरने वाढतो. मला याची गंमत अशी वाटते की ट्रॅक दोनशेचा असो की चारशेचा, फेरीमागे वाढ तेवढीच असते. चारशेच्या ट्रॅकवर फक्त पाच फेऱ्या होतात म्हणून एकूण फटका निम्मा बसतो. आमच्या ट्रॅकवर दहा फेऱ्यांत जवळपास ६३ मीटर जास्तीचे झाले. माणूस रेघेवर पाय ठेवून धावत नाही हे धरूनच आखीव ट्रॅकची पहिली लेन रेघेपासून वीस सेंटिमीटर बाहेर मोजतात.

म्हणजे भाची ६९८ सेकंदांत २००० नव्हे, २०६३ मीटर धावली होती. तिचा खरा पेस किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ३८ सेकंद. याच पेसने बरोबर दोन किलोमीटर धावली असती तर ११ मिनिटे १७ सेकंद लागले असते, आणि श्रेणी 'चांगली' आली असती. चिखल सगळ्यांनाच चुकवावा लागला, त्यामुळे वर्गातला क्रम फारसा बदलत नाही. पण तक्त्यातली साडेअकराची रेघ चिखल बघून सरकत नाही.

तिच्या मैत्रिणीने प्रत्येक फेरीची वेळ टिपून ठेवली होती, तीही आम्ही पाहिली. पहिली फेरी ५८ सेकंद, दुसरी ६६, मग ७१, ७३, ७४, ७४, ७३, ७३, ७१ आणि शेवटची ६५. बेरीज बरोबर ६९८. यावरून फेऱ्या दहाच झाल्या याची खात्री पटली. एखादी फेरी मोजायची राहिली असती तर वेळ मिनिटभराहून जास्त बदलली असती, आणि फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या नसल्या की ती चूक नंतर सापडत नाही. सुरुवातही लगेच दिसते. पहिली फेरी किलोमीटरला ४ मिनिटे ५० सेकंदांच्या पेसने गेली, तिला झेपणाऱ्या पेसपेक्षा खूपच वेगात. त्याची किंमत तिने मधल्या सहा फेऱ्यांत मोजली. शेवटी पुन्हा ६५ आले, म्हणजे दम शिल्लक होता.

काही शाळा वेळेवरून ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही काढतात. मिनिटाला किती मीटर धावले ते घ्यायचे, त्याला ०.२ ने गुणायचे आणि ३.५ मिळवायचे. घड्याळी वेळेवरून भाचीचे उत्तर ३७.९ येते आणि खऱ्या अंतरावरून ३९. हा आकडा शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला लागणाऱ्या ऑक्सिजनचा, मिलिलिटरमध्ये. पण हे सूत्र मोठ्या माणसांचे आहे. त्याच वेगाला मुलांना किलोमागे जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून मुलांचा आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. तो मुलांच्या प्रगतिपुस्तकात छापू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रेणीबद्दलही माझी तक्रार आहे. ११:३१ आणि १२:४४ या दोन मुली 'साधारण'मध्ये शेजारी बसतात, आणि ११:२९ वाली वरच्या श्रेणीत जाते. एखादी मुलगी १२:४० वरून ११:४० वर आली, म्हणजे तिने अख्खे एक मिनिट कमी केले, तरी कागदावर काहीच हलत नाही. यावर उपाय सोपा आहे. पावणेतेरा मिनिटांना ४० गुण, साडेअकराला ६० आणि साडेदहाला ८० धरायचे आणि मधल्या वेळांना प्रमाणात गुण द्यायचे. मग ११:३८ ला ५८ गुण मिळतात, ११:२८ ला ६१ आणि चिखल वजा केलेल्या ११:१७ ला ६४. त्या मिनिटभर सुधारलेल्या मुलीचे गुण ४१ वरून ५७ वर जातात.

हे सगळे कागदावर लिहून भाचीने क्रीडाशिक्षकांना दाखवले. सरांनी ते बारकाईने वाचले आणि मैदानावर येऊन स्वतः टेप लावली. पुढच्या शनिवारी वळणांवरचा चिखल काढून मुरूम टाकला होता आणि हव्या त्या मुलींना पुन्हा धावायची मुभा होती. भाचीने पहिली फेरी मुद्दाम ६६ सेकंदांत काढली. दहावी संपली तेव्हा घड्याळात ११:१४ होते.