मेनचं सुरक्षा उपकरण हिरवं, सबचं लाल

इंदूरला पलासिया भागातल्या एका तीन मजली व्यापारी इमारतीत दोन पावसाळे एकच गोष्ट घडली. मीटर रूममधल्या सब पॅनेलच्या सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचे अचानक आलेले आघात जमिनीकडे वळवणाऱ्या उपकरणाची, खिडकी हिरव्याची लाल झाली, म्हणजे ते निकामी झालं. त्याच भिंतीवरच्या, अवघ्या तीन मीटर अंतरावरच्या मेन पॅनेलचं मोठं उपकरण मात्र दोन्ही वेळा हिरवंच राहिलं. दुकानदार म्हणाले, "साहेब, हे लहानवालं कंपनीचं नीट नाही, दुसरं बसवून द्या." मलाही आधी तसंच वाटलं. पण मेनच्या अर्थिंगच्या तारेवर आघात मोजणारा काउंटर होता, आणि त्याचा आकडा शून्य होता. मोठ्याने काही केलंच नव्हतं. सगळा मार लहानाने खाल्ला होता.

असं का होतं, हे या उपकरणांच्या आतला व्हॅरिस्टर कळला की कळतं. ही झिंक ऑक्साइडची चकती एरवी वीज अडवते आणि ठरावीक व्होल्टेजच्या वर वाट मोकळी करून जादा प्रवाह जमिनीकडे वळवते. सब पॅनेलच्या उपकरणावर २७५ व्होल्ट लिहिलं होतं, म्हणजे ते कायम सोसू शकेल तेवढं व्होल्टेज. तशी चकती साधारण ४३० व्होल्टला उघडायला लागते. मेनचं उपकरण ३८५ चं होतं, ते ६२० च्या आसपास. ३८५ मुद्दाम निवडलं होतं, कारण न्यूट्रल तुटला की २३० चे चारशेच्या जवळ व्होल्ट जाऊ शकतात आणि त्यात उपकरण जळू नये ही भीती. भीती रास्त आहे, पण त्यामुळे क्रम उलटा झाला. मागचं दार आधी उघडायला लागलं.

तरीही लोक भरवसा ठेवतात तो मधल्या केबलवर. प्रवाह झटकन वाढतो तेव्हा तार त्याला विरोध करते. एक मीटर तारेचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री धरतात. समजा पाच हजार अँपियरचा प्रवाह आठ मायक्रोसेकंदांत चढला, तर तीन मीटर तारेवर जवळजवळ १९०० व्होल्ट उभे राहतात. तेवढ्याने मेनचं व्होल्टेज वर जातं आणि त्यालाही काम करावं लागतं. लहान, दूरवरून आलेल्या आघाताला हे पुरतं.

पण वीज जवळच्या ओव्हरहेड लाइनवरच पडली, तर लाट निराळी असते. ती दहा मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि अर्ध्यावर यायला साडेतीनशे घेते. या लांब शेपटीत प्रवाह इतक्या सावकाश उतरतो की तीन मीटर तारेवर वीस-एक व्होल्टच येतात, तेही उलट दिशेने. तार जणू नाहीच. मग उरतो तो फक्त दोन चकत्यांचा हिशेब, आणि त्यात २७५ चं उपकरण जवळजवळ सगळा प्रवाह ओढून घेतं. खरी ऊर्जा या शेपटीतच असते. म्हणून "मध्ये अमुक मीटर केबल ठेवा" हा नियम मी पुरेसा मानत नाही.

मेनला अजून एक दोष होता. त्याच्या जोडतारा मिळून सव्वा मीटर होत्या. अर्धा मीटर ही मर्यादा सांगतात ती याचसाठी. तेवढ्या तारेवर चढत्या प्रवाहात उभे राहणारे व्होल्ट उपकरणाच्या व्होल्टेजमध्ये मिळतात, आणि मेनचा बोजा पुढच्याकडे ढकलला जातो.

आम्ही मेनला थेट विजेचा मार घेणारा टाइप १ आणि दुरून आलेले आघात घेणारा टाइप २ एकत्र असलेलं, सबच्या २७५ शी जुळणारं उपकरण बसवलं. व्होल्टेज सारखं असलं की मोठी चकती त्याच प्रवाहाला कमी व्होल्ट देते, म्हणून जास्त वाटा तीच उचलते. तारा वळण न देता थेट बारवर आणल्या. न्यूट्रल तुटण्याच्या भीतीसाठी व्होल्टेज चढलं की पुरवठा तोडणारा वेगळा ओव्हरव्होल्टेज रिले लावला. ते काम सर्ज उपकरणाचं नाही. व्होल्टेज सेकंदभर चढलेलं राहिलं तरी चकती तापून जाते. पुढच्या पावसाळ्यात मेनचा काउंटर दोनदा सरकला आणि सबची खिडकी हिरवीच राहिली.

तिसऱ्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबचं काम मात्र राहिलं होतं. मजल्याच्या डीबीवर, म्हणजे तिथल्या वितरण पेटीवर, टाइप २ होतं, ते साधारण १२०० व्होल्टवर आघात रोखतं. लॅबचं यंत्र तिथून अठरा मीटर लांब. दहा मीटरच्या पुढे लाट तारेच्या टोकाला आपटून परतते आणि तिथलं व्होल्टेज दुप्पट, म्हणजे २४०० च्या घरात जाऊ शकतं. नाजूक इलेक्ट्रॉनिक्सची सहनशक्ती १५०० ची धरतात. म्हणून यंत्राच्या सॉकेटपाशीच उरलेला आघात रोखणारं टाइप ३ लावलं. डीबीपासून अठरा मीटर केबल असल्याने आणि मोठा मार वरच्या टप्प्यांनी आधीच घेतल्याने या धाकट्यावर बोजा फारसा येत नाही. त्याच लॅबने आधी ते डीबीला चिकटून बसवायला सांगितलं होतं. तिथे लावलं असतं, तर यंत्रापर्यंतचे अठरा मीटर तसेच उघडे राहिले असते.